साडेतीनशे लाडू, मोजून

शाळेचे गणवेश शिवणाऱ्या त्या कारखान्यात सगळे त्यांना मास्तर म्हणत. पाठीमागे मोजपट्टी म्हणत, आणि ते त्यांना ठाऊक होतं. पंधराव्या वर्षी मामाच्या हाताखाली कात्री धरली ती आता अठ्ठावन्नावं लागलं तरी सुटली नव्हती. कापडाचे साठ-साठ थर टेबलावर अंथरायचे, वर कागद ठेवून बाह्या, कॉलर, खिसे असे आखायचे की दोन तुकड्यांमध्ये बोटभरही कापड फुकट जाऊ नये. मास्तरांच्या टेबलाखालची चिंध्यांची टोपली आठवडाभर अर्धीच भरलेली असे. नवीन माणूस कामावर आला की बाई त्याला आधी ती टोपली दाखवत. बाई म्हणजे कारखान्याच्या मालकीणबाई. सासऱ्यांनी सुरू केलेला कारखाना त्या चालवत होत्या.

अशा माणसाच्या हातात गेल्या वर्षी पूजेच्या प्रसादाची खरेदी आली, आणि घात झाला.

कारखाना सुरू झाला त्या दिवसाची आठवण म्हणून दरवर्षी पूजा होई. कामगार घरच्यांना घेऊन येत. पूर्वी खरेदी बघणारे कारकून निवृत्त झाले, तेव्हा बाई म्हणाल्या, "मास्तर, तुमच्याइतका अंदाज कुणाचाय? तुम्हीच बघा." मास्तरांनी हजेरीपट काढला. नावं एकशे सेहेचाळीस. वर चौदा जादा धरले आणि मोजून एकशे साठ पेढे आणले. कापडाच्या हिशेबात चौदा म्हणजे उधळपट्टीच.

शेवटच्या एकोणीस माणसांसमोर रिकामं ताट आलं.

त्या एकोणिसांत काज-बटणं करणाऱ्या बटणमावशी होत्या. कारखान्यातल्या सगळ्यांत जुन्या. रांगेत पुढे होत्या, पण मागून येणाऱ्या प्रत्येक लेकुरवाळीला "तू हो गं पुढे" करत करत त्या शेवटी गेल्या. त्यांची सून बाळंतपणानंतर पहिल्यांदाच घराबाहेर पडून सासूबाईंचा कारखाना बघायला आली होती. मावशींनी रिकाम्या ताटाला हात लावून तो कपाळाला लावला, हसल्या आणि सुनेला म्हणाल्या, "चल, दर्शन झालं ना."

कुणी काही बोललं नाही. बोललं असतं तर बरं झालं असतं, असं मास्तरांना वर्षभर वाटत राहिलं. शिव्या घातल्या असत्या तर माणूस उत्तर तरी देतो. ते हसणं मात्र शर्टात राहिलेल्या टाचणीसारखं कधीही कुठेही टोचायचं. जेवताना टोचायचं, बसची वाट बघताना टोचायचं. बायको म्हणायची, "अहो, पेढा तो! एवढा काय जिवाला लावून घेता?" मास्तर म्हणायचे, "पेढ्याचं नाही गं." मग कशाचं, हे त्यांनाही सांगता यायचं नाही.

म्हणून या वर्षी पूजेला पंधरा दिवस उरले तेव्हा ते आपण होऊन बाईंच्या खोलीत गेले आणि म्हणाले, "यंदा दुसऱ्या कुणाला तरी सांगा."

बाईंनी चष्मा काढला. "का?"

"मागच्या वेळी कमी पडलं."

"म्हणून तर तुम्हालाच. एकदा चुकलेला माणूस दुसऱ्यांदा नीट करतो. शनिवारी सकाळी पूजा आहे. आणि पेढेच आणा हं, सासऱ्यांच्या वेळेपासून पेढेच असतात."

झालं. त्या दिवसापासून मास्तरांच्या पायांना भिंगरी लागली. दुपारच्या सुट्टीत डबा अर्धवट टाकून ते कारखानाभर हिंडायचे. शिलाईवाल्यांना विचारायचे, इस्त्रीवाल्यांना विचारायचे, "पूजेला घरून किती येणार?" एकजण सांगे दोन, दुसऱ्या दिवशी तोच सांगे बहुतेक पाच, मेहुणा येणार आहे. तिसऱ्या दिवशी मेहुण्याचं बारगळलेलं असे. खिशातला कागद खोडून खोडून फाटायला आला. आकडा कधी दोनशे तीस, कधी चारशे दहा. कापड असं नसतं. पाच मीटर कापड उद्या सकाळीही पाच मीटरच असतं.

शेवटी न राहवून ते बटणमावशींच्या यंत्रापाशी जाऊन उभे राहिले. वर्षभर त्यांनी त्या कोपऱ्यात जायचं टाळलं होतं.

"मावशी, जरा विचारायचं होतं."

"विचार की. उभा का? बस." मावशींनी स्टुलावरची बटणांची पिशवी उचलली.

मास्तर बसले नाहीत. कागद पुढे केला. मावशींनी तो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला आणि परत दिला.

"असं विचारून कळतं होय? तू विचारलंस की माणूस संकोचतो, कमी सांगतो. नाहीतर मोठेपणा मिरवायला जास्त सांगतो. तू माणसं मोजू नकोस, घरं मोज."

"म्हणजे?"

"इस्त्रीवाली पोरं बघ. सगळी खोली करून राहतात, त्यांचं इथं आहे कोण? ती एकेकटी येणार. शिलाईवाल्या बायका पोरं घेऊन येतात, शनिवारी शाळा नसते, धर प्रत्येकीची दोन. नवरे येत नाहीत, चार-दोन येतात. पॅकिंगमधल्या त्या तिघी जावा-जावा आहेत, त्या आल्या की अख्खं घर येतं. ऑफिसातले एकटे येतात, पण जाताना घरच्यांसाठी मागून नेतात. ते पण माणूसच धर."

मावशी बोलत गेल्या आणि मास्तर उभ्या उभ्या लिहीत गेले. कोण कुठे राहतं, कुणाची सासू आजारी, कुणाचं माहेर जवळ, सगळं त्यांना तोंडपाठ. बेरीज आली तीनशे दहा.

"आणि वर?" मास्तरांनी विचारलं. "जादा किती धरू?"

"लहान पोरांच्या हातून पडतं. कुणी पाहुणा घेऊन येतो. चाळीस धर."

चाळीस! गेल्या वर्षी चौदाच त्यांना उधळपट्टी वाटले होते. पण त्यांनी लिहिलं, साडेतीनशे. मग जायला वळले आणि पुन्हा थांबले. गेल्या वर्षीचं काहीतरी बोलावंसं वाटत होतं. मावशींनी बटण यंत्राखाली सरकवून पाय दाबला, यंत्र खडखडलं, आणि ते राहून गेलं.

मिठाईचं दुकान दोन गल्ल्यांवर होतं. हलवाई वयस्क, पोट सुटलेला, बोलायला मोकळा. मास्तरांनी साडेतीनशे पेढे सांगताच त्याने विचारलं, "वाटायचे कधी?"

"शनिवारी सकाळी."

"आणि नेणार शुक्रवारी दुपारी. दिवस गरमीचे आहेत, मास्तर. खवा हा दुधाचा माल. फ्रीजमध्ये राहील, पण साडेतीनशे पेढे ठेवायला तुमच्याकडे फ्रीज आहे का? बाहेर ठेवलात तर दुसऱ्या दिवशी वास धरायला लागतो. खाल्लं आणि एखाद्या पोराचं पोट बिघडलं, तर नाव देवाचं होत नाही, आपलं होतं."

"मग काय टिकेल?"

"बुंदीचा लाडू घ्या, पण त्यात पाक असतो, तीन-चार दिवसांत मऊ पडतो. बर्फीचं पेढ्यासारखंच. बेसनाचा लाडू घ्या. तूप आणि साखर, पाण्याचा थेंब नाही. नीट भाजलेलं बेसन असेल तर दहा-पंधरा दिवस हलत नाही. पेढा देवापुढच्या ताटापुरता पाव किलो शनिवारी सकाळी ताजा न्या."

हे मास्तरांना पटलं, पण बाईंना पटवायचं होतं. बाई आधी म्हणाल्या, "पेढ्याशिवाय पूजा कशी वाटेल?" मग मास्तरांनी पोटाचा विषय काढला, तेव्हा म्हणाल्या, "बरं. देवाला पेढा, माणसांना लाडू."

दुसऱ्या दिवशी ते ऑर्डर पक्की करायला गेले. हलवाई पावती फाडत म्हणाला, "चौदा किलो लिहितो. किलोला पंचवीस बसतात."

मास्तरांनी काचेमागचे लाडू पाहिले. कापड नजरेने मोजणाऱ्या माणसाला ते काही चाळीस ग्रॅमचे वाटेनात. "शेठ, दहा लाडू काट्यावर ठेवा जरा."

हलवायाने ठेवले. चारशे ऐंशी ग्रॅम.

"म्हणजे किलोला वीस-एकवीस," मास्तर म्हणाले. "चौदा किलोत दोनशे नव्वद येणार. माझी साठ माणसं गेली."

हलवाई हसला. "कारागिराचा हात मोठा आहे हो. गिऱ्हाईक खूश होतं मोठ्या लाडवाने."

"मला वजनावर नको, नगावर द्या. साडेतीनशे नग. एका खोक्यात पन्नास, अशी सात खोकी. लाडू चाळीस ग्रॅमचा."

"एवढं मोजून कुणी नेत नाही, मास्तर."

"मी नेतो," मास्तर म्हणाले आणि पावती घेऊन निघाले. काटा लावला नसता तर? पुन्हा तेच ताट, पुन्हा तेच हसणं. रस्त्यातच थांबून त्यांनी पावतीवरचा आकडा तीन वेळा वाचला.

बाकीची यादी त्यांनी टिकण्याच्या क्रमाने लावली. नारळ आधी घेतले, कानाशी हलवून, आत पाणी वाजतंय आणि डोळे कोरडे आहेत ते बघून. सफरचंदं गुरुवारी. केळी शुक्रवारी, जरा हिरवटच, म्हणजे शनिवारी पिवळी होतील. दूध, फुलं आणि पेढा शनिवारी उजाडल्यावर.

शुक्रवारी दुपारी सात खोकी आली. मास्तरांनी एकाचं झाकण उघडलं आणि आतून हात फिरवला. झाकण ओलसर लागलं. लाडू अजून कोमट होते.

गरम इस्त्रीचे शर्ट तसेच प्लॅस्टिकच्या पिशवीत भरले की आत घाम धरतो आणि आठवड्यात बुरशीचे ठिपके उठतात, हे कारखान्यातल्या प्रत्येकाला माहीत असतं. मास्तरांनी कापणीचं लांबलचक टेबल पुसून घेतलं, आखणीचा कोरा कागद अंथरला आणि सगळे लाडू एकेक करून त्यावर मांडले. पस्तीस रांगा, रांगेत दहा. त्या दिवशी कापणी बंद. येणारी जाणारी माणसं थबकून बघत आणि हसत. "मास्तर, यांच्या बाह्या कापणार का कॉलर?" मास्तरांना हसू आलं नाही. ते माश्या हाकत टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या घालत होते. लाडू पुरते थंड झाल्यावर खोकी आतून पुसली, कागद बदलला, पुन्हा मोजून भरले आणि खोकी टेबलावरच रचून ते घरी गेले.

शनिवारी सकाळी सातला दूध, फुलं आणि पेढा घेऊन ते कारखान्याच्या दारात पोचले, तर दारातून पाणी बाहेर येत होतं.

वरच्या टाकीचा पाइप रात्रीत फुटला होता. आत घोट्याएवढं पाणी. बाई साडीचा काठ वर खोचून कापडाचे तागे ओढत होत्या. आधी आलेली दहा-बारा माणसं बादल्या भरभरून बाहेर फेकत होती. मास्तरांनी चपला काढल्या आणि सरळ टेबलाकडे धाव घेतली. खोकी कोरडी होती. मग त्यांना लाज वाटली. कापड भिजतंय आणि आपण लाडू बघतोय. त्यांनी पिशवी खिडकीत ठेवली आणि ताग्याचं दुसरं टोक धरलं.

शेजारी छापखाना होता. तिथल्या माणसांनी आवाज ऐकला आणि ती न बोलावता आली. त्यांनी आपला पंप लावला, तागे खांद्यावर घालून आपल्या गोदामात नेऊन रचले. दहा वाजेपर्यंत पाणी उतरलं, पण जमीन, यंत्रांचे पाय, वायरी, सगळं ओलं. गुरुजी आले, उंबऱ्यातूनच आत बघून म्हणाले, "आज नको. मंगळवारी मला वेळ आहे." घरच्यांना घेऊन आलेल्या बायका दारातूनच परत फिरल्या.

मास्तरांच्या हातात दूध होतं. ते काही मंगळवारपर्यंत थांबणार नव्हतं.

"बाई, दुधाचा चहा करू का सगळ्यांना?" त्यांनी विचारलं. "आणि पेढा…"

बाईंनी भिंतीवरच्या सासऱ्यांच्या तसबिरीपुढे फुलं वाहिली, पेढ्याचा पुडा तिथेच ठेवून हात जोडले, आणि मग तो छापखान्यातल्या माणसांपुढे धरला. केळीही वाटून टाकली. चहा पिता पिता बाई उभ्या राहिल्या. त्या मोठ्याने म्हणाल्या, "मंगळवारी पूजा आहे. छापखान्यातल्या सगळ्यांनी यायचं. एकूण एक. माझं निमंत्रण आहे!"

सगळ्यांनी मान डोलावली. मास्तरांनी शेजारच्या माणसाला हळूच विचारलं, "तुमच्याकडे किती माणसं आहेत?"

"पंचावन्न."

मास्तरांनी कप खाली ठेवला. तीनशे दहा अधिक पंचावन्न, तीनशे पासष्ट. लाडू साडेतीनशे. आणि वर धरलेले ते चाळीस जादा, त्यांचा तर पत्ताच नाही.

ओल्या कारखान्यात लाडू ठेवणं शक्य नव्हतं. दमट हवेत बेसनालाही बुरशी येते. एका टेम्पोवाल्याला विनवून मास्तरांनी सातही खोकी घरी नेली. घर दोन खोल्यांचं. बायको दारात उभी राहिली. "हे कुठे ठेवायचं? माझ्या डोक्यावर?"

"कोरड्या जागी. ऊन नको. मुंग्या नकोत."

"अशी जागा घरात असती तर मीच तिथे राहिले असते," बायको म्हणाली, पण तिने शिवणयंत्राचं टेबल मोकळं करून दिलं आणि त्याच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या.

रविवारी मास्तर तासातासाने झाकणं उघडून बघत. वास घेत. बिघडलं नसेल ना? चव घ्यावी तर घेता येईना, देवाला दाखवल्याशिवाय एक कणही तोंडात घालायचा नव्हता. बायकोने वास घेतला आणि म्हणाली, "तुपाचा वास चांगला आहे." त्यांचं समाधान झालं नाही. सोमवारी सकाळी त्यांनी हलवायाचं दुकान गाठलं.

"शेठ, माझ्या लाडवांच्या बरोबर केलेले काही उरलेत का?"

हलवायाने काचेमागच्या तबकाकडे बोट दाखवलं. "हे त्याच कढईतले."

"एक द्या." मास्तरांनी तिथेच फोडून खाल्ला. आतून रवाळ, कोरडा. वास खमंग. चौथा दिवस चालू असूनही जसाच्या तसा.

"झालं समाधान?"

"झालं," मास्तर म्हणाले. "पण माणसं वाढलीत. उद्या सकाळपर्यंत आणखी साठ होतील का?"

हलवायाने मान हलवली. "आज लग्नाचं काम आहे, भट्टी मोकळी नाही. रेडीमेड काहीतरी न्या. मनुका आणि खडीसाखर. करायचं काही नाही, टिकायला महिनोन्‌महिने टिकतं. उरलंच तर डब्यात भरून ठेवा."

मास्तरांनी दोन किलो मनुका आणि एक किलो खडीसाखर घेतली आणि तडक बटणमावशींच्या घरी गेले. सोमवारीही कारखाना सुकायला ठेवला होता. मावशी पायरीवर बसून शेंगा सोलत होत्या.

"मावशी, पंधरा कमी पडतात. जादाचे धरले तर पंचावन्न. मी पुड्या करतोय."

"अरे, मंगळवार आहे. पोरांना शाळा. शनिवारची दोन पोरं मंगळवारी येतात होय? त्या जावांच्या घरचे कामावर जाणार."

"खात्रीने सांगताय?"

"खात्रीने कसं सांगू? मी काय वरून बघतेय?"

"मग मी पुड्या करतो."

मावशींनी शेंगांचं सूप बाजूला ठेवलं. "आण इकडे कागद."

दोघांनी मिळून साठ पुड्या बांधल्या. मास्तर प्रत्येक कागद कडा जुळवून दुमडत होते, मावशी जमेल तशा. निम्म्या पुड्या झाल्यावर मास्तरांच्या तोंडून अचानक निघून गेलं, "मागच्या वर्षी तुमच्या सुनेसमोर… मला फार लागलं ते."

मावशींचे हात थांबले नाहीत. "मलाही लागलं होतं," त्या म्हणाल्या. "घरी आल्यावर रडले मी. प्रसादासाठी नाही. तिला मी सांगत आले होते ना, आमच्याकडे कुणी रिकाम्या हाताने जात नाही म्हणून."

मास्तरांनी हातातली पुडी बांधून संपवली. वर्षभरात पहिल्यांदा ते मावशींशेजारी, त्या पायरीवर नीट टेकून बसले, दहा-बारा मिनिटं. मग पुड्या गोळा करून उठले, कारण केळी घ्यायची राहिली होती.

मंगळवारी पूजा झाली. ताटात ताजा पेढा होता, एक लाडू होता, फळं होती. आरती झाल्यावर मास्तर टेबलामागे उभे राहिले. वाटायचं काम दोघी बायकांचं, मास्तरांचं काम फक्त रिकामी खोकी मोजायचं. ते एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होते. छापखान्यातली माणसं शाईच्या हातांनी आली, एक्कावन्न. पहिलं खोकं संपलं. दुसरं, तिसरं. पाचवं उघडलं तेव्हा रांग अजून दारापर्यंत होती आणि मास्तरांच्या कानशिलावरून घाम ओघळत होता. सहावं अर्ध्यावर आलं आणि रांग संपली.

मास्तरांनी दाराबाहेर जाऊन पाहिलं. रस्त्यावर कुणी नव्हतं. आत येऊन त्यांनी मोजलं. दोन लाडू पोरांच्या हातून जमिनीवर पडले होते. उरलेले, सातव्या न उघडलेल्या खोक्यासकट, ऐंशी.

ऐंशी! पुड्या तर तशाच्या तशा. कमी पडलं नाही म्हणून जीव भांड्यात पडायला हवा होता, पण मास्तरांचा चेहरा उतरला. एवढं कापड त्यांनी जन्मात कधी वाया घालवलं नव्हतं. ते बाईंना म्हणाले, "चुकलं माझं. फार झाले."

बाई काही बोलणार तेवढ्यात शिलाईवाली एकजण टेबलाशी घुटमळताना दिसली. "मास्तर," ती संकोचून म्हणाली, "उरले असतील तर… दोन मिळतील का? पोरं शनिवारी नटून आली होती, दारातूनच परत गेली. आज शाळेत आहेत."

मास्तरांनी खिशातला फाटका कागद काढला. तिच्या नावापुढे दोन लिहिलं होतं. पॅकिंगमधल्या जावांपुढे अकरा. आज त्यांच्यातल्या तिघीच आल्या होत्या. मोजलेली माणसं सगळी होतीच. ती फक्त आज शाळेत होती, कामावर होती, घरी आजाऱ्यापाशी बसली होती.

"बाई," ते म्हणाले, "हे जादा नाहीत. हे त्यांचेच आहेत."

मग ते स्वतः पुढे आले. कागद टेबलावर ठेवून ते एकेक नाव वाचू लागले, आणि नाव घेतलेला माणूस पुढे येऊन घरच्यांचे लाडू नेऊ लागला. कुणी म्हणालं, "आमचे तिघं होते, पण दोन पुरेत." कुणी रुमालात बांधले, कुणी डब्यात. पुड्या छापखान्यातल्या माणसांनी घरी नेल्या. बटणमावशींचं नाव आलं तेव्हा मास्तरांनी तीन लाडू त्यांच्या हातावर ठेवले. मावशी म्हणाल्या, "दोनच पुरले असते." मास्तर म्हणाले, "कागदावर तीन आहेत." मावशींनी तीनही पदरात बांधले.

संध्याकाळी नऊ लाडू राहिले. मास्तरांनी ते चार वेळा मोजले. नऊ का राहिले, कुणाचे राहिले, कोण मागायला लाजलं, हे ते घरी जाईपर्यंत आठवत होते. बायको म्हणाली, "आता तरी खाली बसा." ते बसले आणि पाच मिनिटांत उठले.

बुधवारी पांढऱ्या शर्टांची मोठी ऑर्डर लागायची होती. मास्तर सगळ्यांच्या आधी कारखान्यात आले. कापणीच्या टेबलावर तुपाचे गोल डाग उमटले होते, कागदातून झिरपलेले. या टेबलावर पांढरं कापड टाकलं तर साठही थरांना डाग लागणार. त्यांनी आखणीचा खडू कुटून त्याची पूड डागांवर पसरली आणि तिने तूप ओढून घ्यायची वाट बघत टेबलाभोवती फेऱ्या मारू लागले. दर दोन मिनिटांनी एका डागावरची पूड बोटाने सरकवून बघायचे.

बाई आल्या. "मास्तर, पुढच्या वर्षीही तुम्हीच हं."

"दुसऱ्या कुणाला तरी सांगा," मास्तर म्हणाले, आणि वाकून पुढचा डाग बघू लागले. "आणि पूजा शनिवारीच ठेवा. पाइप मी आधी तपासून घेतो."